दिसेल ते, ऐकू येईल ते
(प्रस्तावना)

आपल्याकडे सिनेमाची पटकथा आधी ऐकली जाते, मग वाचली जाते. लेखक निर्मात्यासमोर आणि दिग्दर्शकासमोर बसून नरेशन देतो. तो आवाज खाली आणतो, क्षणभर थांबतो आणि म्हणतो, ‘ओटीवर पाय ठेवताच तिला सगळं बालपण आठवतं.’ ऐकणाऱ्यांचे डोळे ओलावतात आणि सीन पास होतो. काही महिन्यांनी तोच कागद सहायक दिग्दर्शकाकडे ब्रेकडाऊनसाठी जातो. लोकेशन कोणतं, कलाकार किती, कपडे काय, प्रॉपर्टी काय, हे त्याला त्या कागदातून काढायचं असतं. त्या ओळीशी तो अडतो आणि विचारतो, ‘हा फ्लॅशबॅक आहे का? दोन बालकलाकार लागतील?’ लेखक म्हणतो, ‘छे, ते तिच्या चेहऱ्यावर दिसेल.’ मग अभिनेत्री विचारते, ‘म्हणजे मी नेमकं काय करू?’ या प्रश्नाला कागदावर उत्तर नसतं. नरेशनच्या दिवशी ते लेखकाच्या आवाजात होतं, आणि सेटवर तो आवाज नाही.

हे पुस्तक त्या ओळीबद्दल आहे. लिहून झालेला सीन पेन्सिल घेऊन कसा तपासायचा, एवढंच काम त्यात आहे. तपासताना दोन गोष्टी शोधायच्या. पहिली, ॲक्शनमधली अशी ओळ जी कॅमेऱ्याला दिसत नाही आणि माइकला ऐकू येत नाही. दुसरी, असा संवाद जो पात्राच्या तोंडून प्रेक्षकाला माहिती पुरवतो. पटकथेवरच्या शिकवणीत हे दोन दोष बहुधा वेगवेगळ्या दिवशी शिकवले जातात. माझा अनुभव असा की ते एकाच दुखण्याची दोन टोकं आहेत. लेखकाला काहीतरी ठाऊक असतं आणि ते दाखवायचं कसं हे सापडलेलं नसतं. म्हणून तो ते ॲक्शनमध्ये लिहून मोकळा होतो. मग त्यालाच शंका येते की हे प्रेक्षकाला कळणार कसं, आणि तीच गोष्ट तो संवादात पुन्हा लिहितो. म्हणून हे दोन्ही दोष एकाच बैठकीत, एकाच पानावर तपासले पाहिजेत.

ही सवय आपल्याला कुठून लागली तेही पाहायला हवं. आपल्यातले बरेच लेखक कथा-कादंबरीतून येतात. तिथे ‘तिला आठवलं’ हे वाक्य पूर्ण काम करतं, कारण वाचकाला तेवढंच मिळणार असतं. उरलेले नाटक, आकाशवाणी आणि मालिकांतून येतात. श्रुतिकेत सगळा भार कानावर असतो. हातातलं पत्र दिसत नाही, म्हणून कुणीतरी ‘अरे, हे कुणाचं पत्र?’ असं म्हणावंच लागतं. मालिका कितीतरी घरांत पोळ्या लाटता लाटता ऐकली जाते, त्यामुळे तिथेही बोलून दाखवण्याला कारण आहे. नाटकात स्वगताची परंपरा आहे. ही सगळी कौशल्यं आपापल्या जागी खरी आहेत. पडद्यावर मात्र पत्र दिसत असतं, आणि जे दिसतं तेच पुन्हा ऐकवलं की प्रेक्षक ऐकणं सोडून देतो. आपल्या श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद अशी तीन नावं असू शकतात, त्याचाही इथे संबंध आहे. संवाद लिहिणारा वेगळा असेल, तर पटकथेत ‘तिला अपराधी वाटतं’ असं वाचून तो प्रामाणिकपणे ‘मला अपराधी वाटतंय’ असा संवाद लिहून देतो.

आता एक सीन घेऊ. तो मी या प्रस्तावनेसाठीच रचला आहे, पण त्यातल्या चुका माझ्या स्वतःच्या पहिल्या खर्ड्यांतल्या आहेत. सुनंदा माहेरी आली आहे. वडिलोपार्जित जमिनीतला तिचा वाटा सोडल्याचं हक्कसोडपत्र तिच्याकडून धाकट्या भावाला, दत्ताला हवं आहे. मंगल ही दत्ताची बायको.

*दृश्य २३. अंतर्गत. दत्ताचं घर. सकाळ.*

*सुनंदा घरात येते. बारा वर्षांनी ती माहेरी आली आहे. घराच्या कोपऱ्याकोपऱ्यात तिला आईचा भास होतो. याच ओटीवर ती आणि दत्ता लहानपणी भांडायचे, ते तिला आठवतं. दत्ता अपराधी आहे, पण त्याचा नाइलाज आहे. सहीसाठीच आपल्याला बोलावलंय हे सुनंदाच्या लक्षात येतं.*

*दत्ता: ये ताई. आई गेल्यापासून बारा वर्षांनी आलीस तू.*

*सुनंदा: हो रे. या घरात पाऊल टाकलं की आईची आठवण येते.*

*दत्ता: तुला माहीतच आहे, अण्णांच्या चार एकरांत कायद्याने तुझाही वाटा आहे. मला विहिरीसाठी कर्ज काढायचंय. बँक म्हणते, बहिणीचं हक्कसोडपत्र आणा. मलाच कसंतरी वाटतंय.*

*सुनंदा: म्हणजे मायेने नाही, सहीसाठी बोलावलंस मला. फार वाईट वाटलं, दत्ता.*

पूर्वी पानाच्या मधोमध उभी रेघ ओढून डावीकडे दृश्य आणि उजवीकडे संवाद लिहायची पद्धत होती. आज बहुतेक लेखक संगणकावर एका स्तंभात लिहितात. तपासणीसाठी मात्र ती जुनी रेघ मनात धरावी. आधी उजवी बाजू हाताने झाकायची आणि फक्त डावी वाचायची. मग उलट.

डावी बाजू वाचताना प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचा: घरात शिरणाऱ्या अनोळखी माणसाला हे दिसलं किंवा ऐकू आलं असतं का? ‘सुनंदा घरात येते’ हे दिसलं असतं. पुढचं एकही वाक्य दिसलं नसतं. त्यांच्याखाली रेघ मारायची, पण लगेच खोडायचं नाही. आधी प्रत्येक वाक्य कोणत्या जातीचं आहे ते समासात लिहायचं. ‘बारा वर्षांनी’ ही पूर्वपीठिका आहे. ‘भास होतो’ आणि ‘आठवतं’ हा मनातला मजकूर आहे. ‘अपराधी आहे, नाइलाज आहे’ हा लेखकाने दिलेला निकाल आहे. ‘लक्षात येतं’ ही त्या सीनमधली खरी घटना आहे, आणि तीच अदृश्य राहिली आहे. जात ठरवायची ती उपाय वेगळा असतो म्हणून. पूर्वपीठिका बहुधा दुसऱ्या सीनमध्ये हलवता येते. मनातल्या मजकुराला वस्तू किंवा हालचाल शोधावी लागते. निकाल काढून टाकायचा, तो देणं प्रेक्षकाचं काम आहे. घटना मात्र काहीही करून पडद्यावर आणायचीच, कारण तिच्यासाठीच सीन लिहिलेला असतो.

इथे एक अतिरेक टाळायला हवा. भावनेचा प्रत्येक शब्द दोष नसतो. ‘ती चिडून ताट सरकवते’ यातलं ‘चिडून’ राहू द्यावं. अभिनेत्रीला ते करता येतं, प्रेक्षकाला ते दिसतं. ‘आईने शिकवलेल्या शिस्तीच्या आठवणीने चिडून’ यातलं ‘चिडून’ तेवढं दिसेल, आई आणि शिस्त दिसणार नाहीत. नटाला जे करता येतं आणि प्रेक्षकाला जे कळू शकतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओळीला या दोन्ही कसोट्यांवर उतरावं लागतं. पात्र पहिल्यांदा येतं तेव्हा त्याच्या स्वभावाची एखादी ओळही चालते, नटाला ती उपयोगी पडते. तिच्यावर कथानक अवलंबून असेल तर मात्र चालत नाही.

आता डावी बाजू झाकून संवाद वाचू. इथला प्रश्न असा: हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक आहे का? ‘तुला माहीतच आहे’ हे शब्द दिसले की पेन्सिल आपोआप उचलली जावी. ठाऊकच असेल तर दत्ता ते कुणाला सांगतोय? बारा वर्षं झाल्याचं सुनंदाला कुणी सांगायला नको, ती त्यातला एकेक दिवस जगली आहे. दुसरी खूण म्हणजे स्वतःच्या भावनेचं नाव घेणारं पात्र: ‘कसंतरी वाटतंय’, ‘फार वाईट वाटलं’. माणसं असं बोलत नाहीत असं मी म्हणणार नाही, बोलतात. पण दुखावलेली बहीण भावाच्या ओटीवर बसून इतक्या व्यवस्थित वाक्यात बोलत नाही. आणि एकदा ती बोलली की अभिनेत्रीला करायला काही उरत नाही.

आता हात काढायचा आणि डावीकडच्या रेघा उजवीकडच्या रेघांना जोडायच्या. ‘बारा वर्षांनी’ला ‘बारा वर्षांनी’. ‘आईचा भास’ला ‘आईची आठवण’. ‘अपराधी’ला ‘कसंतरी वाटतंय’. ‘लक्षात येतं’ला ‘सहीसाठी बोलावलंस’. चार जोड्या लागल्या. या रेघा ओढल्यावर दिसतं की इतक्या लहानशा सीनमध्ये जवळजवळ प्रत्येक गोष्ट दोनदा लिहिली आहे आणि एकदाही दाखवलेली नाही. यातली नुसती डावी बाजू दुरुस्त केली तर संवाद तेच बोलत राहतील. नुसते संवाद छाटले तर प्रेक्षकाला काहीच कळणार नाही, आणि दिग्दर्शक ते पुन्हा घालायला सांगेल. त्याचं बरोबरच असेल.

मग पुन्हा लिहायचं कसं? जोडी घेऊन विचारायचं की यातलं प्रेक्षकाला खरोखर काय हवं आहे. बारा हा आकडा त्याला नको आहे. हे घर तिचं होतं आणि आता राहिलेलं नाही, एवढं त्याला कळायला हवं. कागदपत्रांचा तपशील त्याला याच सीनमध्ये नको आहे. तो आधीच्या सीनमध्ये बँकेत द्यावा. तिथला कर्मचारी दत्ताच्या घरातलं काही जाणत नाही, त्यामुळे ‘बहिणी किती?’ हा प्रश्न त्याला पडणारच. माहिती ज्याला नाही त्याला द्यावी म्हणजे ती नैसर्गिक वाटते. आणि सुनंदाच्या लक्षात येण्याची जी घटना आहे, तिच्याबद्दल पुन्हा विचार केला की आणखी एक शक्यता दिसते: तिच्या लक्षात आधीच आलं असेल तर?

*दृश्य २३. अंतर्गत. दत्ताचं घर. सकाळ.*

*अंधारी ओटी. सुनंदा आत येते, न बघता दाराच्या डावीकडे हात नेते. तिथे नुसती भिंत. मंगल उजवीकडचं बटण दाबते. उजेड.*

*मंगल: ताई, खुर्चीवर बसा ना.*

*सुनंदा जमिनीवर, भिंतीला टेकून बसते. मंगल कपाटातून काचेचे कप काढते, पदराने पुसते.*

*दत्ता: गाडीला गर्दी होती?*

*सुनंदा: बसायला मिळालं.*

*मंगल साडीची पिशवी सुनंदापुढे ठेवते. दत्ताच्या हातात प्लास्टिकची फाइल. तो ती पिशवीशेजारी ठेवतो, मग उचलून पुन्हा मांडीवर घेतो.*

*दत्ता: मंगलने निवडलीय. रंग बघ, आवडतो का.*

*सुनंदा: तालुक्याला किती वाजता जायचंय?*

*दत्ता मंगलकडे बघतो.*

*दत्ता: अकराला.*

*सुनंदा: आधार कार्ड आणलंय मी.*

*ती कप उचलते. चहा संपवते. उठते.*

*सुनंदा: तिथूनच मला परतीची गाडी मिळेल.*

*मंगल कुंकवाचा करंडा आणते, बोट कुंकवात बुडवते.*

*सुनंदा: जाते गं, मंगल.*

*मंगलचं बोट करंड्यातच थांबतं. साडीची पिशवी जमिनीवर तशीच.*

बटणाकडे जाणारा हात हे पहिल्या जोडीचं उत्तर आहे. हाताला घर आठवतं आणि घर बदललेलं आहे. ‘आठवतं’ हा शब्द न लिहिता ते दिसलं, शिवाय सहायक दिग्दर्शकाला प्रॉपर्टीच्या यादीत लिहिण्यासारखं काही मिळालं. काचेचे कप तिला पाहुणी करतात, आणि ती जमिनीवर बसून ते नाकारते. दत्ताचा अपराधीपणा फाइल ठेवून परत उचलण्यात आहे. हक्कसोडीच्या बदल्यात बहिणीला साडीचोळी देण्याची रीत आपल्या प्रेक्षकाला माहीत आहे, त्यामुळे पिशवी आणि फाइल शेजारी आल्या की सौदा दिसतो. असा दस्त दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवावा लागतो आणि तिथे ओळखीचा पुरावा लागतो. म्हणून ‘आधार कार्ड आणलंय मी’ या साध्या वाक्यातून कळतं की ती निघाली तेव्हाच तिला सगळं ठाऊक होतं. ‘सहीसाठी बोलावलंस’ या आरोपापेक्षा ते जड पडतं, कारण दत्ताला त्यावर उत्तर देता येत नाही.

शेवटच्या ‘जाते’वर थोडं थांबतो. आपल्याकडे निघताना ‘येते’ म्हणतात. ‘जाते’ म्हटलं की घरातलं मोठं माणूस लगेच टोकतं. या घरात टोकणारी आई आता नाही. पहिल्या खर्ड्यातला आईचा भास इथे येऊन बसला आहे, तिचं नावही न घेता. मराठीत लिहिणाऱ्याच्या हाताशी अशी बरीच सामग्री आहे. ‘ताई, बसा ना’ एवढ्यावरून नातं आणि मान दोन्ही कळतात, मग ‘तू माझी मोठी बहीण असून’ हे वाक्य लागत नाही. एरवी ‘तू’ म्हणणारा माणूस एखाद्या ओळीत ‘तुम्ही’वर आला, तर भांडण झाल्याचं कुणी सांगायला नको. स्पष्टीकरण देणारा संवाद छाटताना ही संबोधनं आणि क्रियापदं नीट वाचावीत. पुष्कळदा माहिती त्यांच्यात आधीपासूनच असते.

ही पद्धत चुकते कुठे, तेही सांगायला हवं. पहिली चूक म्हणजे दोष कंसात लपवणे. ॲक्शनमधलं ‘अपराधी आहे’ काढलं आणि संवादाआधी कंसात ‘अपराधीपणे’ लिहिलं, तर फक्त जागा बदलली. दुसरी चूक म्हणजे सगळं खोडून ‘दोघं एकमेकांकडे बघत राहतात’ असं लिहिणे. हे चित्रित करता येतं हे खरं, पण त्या बघण्यात काय आहे हे कागदाला ठाऊक नसतं. तिसरी चूक म्हणजे तयार चिन्ह वापरणे. आईची आठवण म्हणून भिंतीवर हार घातलेला फोटो लावला, तर तो दिसेल जरूर, पण तो कुठल्याही घरात दिसेल. बटण फक्त सुनंदाच्या घरात आहे.

छाटणी जास्त झाली का हे लेखकाला स्वतःला कळत नाही, कारण त्याच्या डोक्यात पहिला खर्डा असतो. त्यासाठी पटकथा न वाचलेला माणूस शोधावा. शेजारचे पाच-सहा सीन आणि हा सीन त्याला कागदावर द्यावा, मोठ्याने वाचून दाखवू नये. मग तीन प्रश्न विचारावेत. ही माणसं एकमेकांची कोण? प्रत्येकाला काय हवं आहे? सीन सुरू झाला तेव्हा आणि संपला तेव्हा यांत काय बदललं? उत्तरं आली तर स्पष्टीकरण लागत नव्हतं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आली नाहीत तर छाटणी जास्त झाली, किंवा आधीच्या सीनमधली माहिती पोचली नाही. तिसऱ्याचं उत्तर आलं नाही तर संवादांचा दोष नाही, सीनमध्ये घटनाच नाही. असा सीन कितीही घासला तरी सुधारत नाही.

काही ठिकाणी मात्र सांगणं हीच घटना असते. ‘श्वास’ (2004) मध्ये नातवाचा जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार, हे डॉक्टरांना आजोबांना सांगावं लागतं. तिथे शब्द काढून टाकले तर प्रसंगच उरत नाही. ऐकणाऱ्याला ते ठाऊक नाही आणि ऐकल्यावर त्याचं आयुष्य बदलणार आहे, या दोन अटी तिथे पुऱ्या होतात. त्यांवर उतरणारा संवाद कितीही माहितीपूर्ण असला तरी त्याला पेन्सिल लावू नये. दुसऱ्या टोकाला ‘आक्रोश’ (1980) आहे. विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या आणि गोविंद निहलानींनी दिग्दर्शित केलेल्या या हिंदी सिनेमात बायकोच्या खुनाचा आरोप असलेला लहान्या भिकू आपल्या वकिलासमोर तोंड उघडत नाही. ज्याच्याकडून स्पष्टीकरणाची सर्वांत जास्त अपेक्षा, तोच गप्प आहे, आणि त्याच्या गप्प राहण्याचं कारण शोधणं हाच सिनेमा होतो. ‘फँड्री’त डुकराच्या मागे धावणारं कुटुंब शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच जागच्या जागी उभं राहतं. त्या कुटुंबातल्या जब्याच्या मनात काय चाललंय ते कुणी बोलत नाही. धावणं, सूर आणि थांबणं, यांत डोळ्याला आणि कानाला न मिळणारं काहीच नाही.

पुढच्या पानांतले सीन याच क्रमाने मांडले आहेत: आधी पहिला खर्डा, मग रेघा ओढलेलं पान, मग दुसरा खर्डा. वाचकाने माझा दुसरा खर्डा वाचण्याआधी स्वतःचा लिहावा अशी माझी मनापासून विनंती आहे. तुमच्या सुनंदाचा हात बटणाकडे जाणार नाही. तो कुठे जाईल हे तुमचं घर ठरवेल, आणि त्यासाठी रेघा आधी तुमच्या पेन्सिलने ओढलेल्या हव्यात.